कॅफेवाला म्हणतो, ‘ओपनमधून भरून टाका’

*ताई, नमस्कार. माही मुलगी यंदा बारावी सायन्स पास झाली. सीईटी देली, बी.फार्मला टाकाचं आहे. आम्ही माळी, ओबीसी. पाच एकर कोरडवाहू, कापूस-सोयाबीन. तिचा जातीचा दाखला आहे. नॉन-क्रिमिलेअर अकरावीच्या वेळेस काढलं होतं, एका वर्षाचं. व्हॅलिडिटीचा अर्ज डिसेंबरमध्ये केला, पावती आहे, पण व्हॅलिडिटी अजून आली नाही. कॅफेवाला म्हणते, ‘कागद पुरे नाही, ओपनमधून भरून टाका, कटकट नाही.’ टीसीवर जात ‘हिंदू-फुलमाळी’ आहे अन् दाखल्यावर ‘माळी’. मायच्या नावातबी फरक, कुठं सुनंदा, कुठं सुनंदाबाई. अन् शेवटी ते टिक कराचं लंबंचौडं इंग्रजी असते, ते वाचाच लागते का? फॉर्म लवकरच सुरू होते म्हणतात.*
*— एक पालक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ*

भाऊ, ओपनमधून भरू नका. कॅफेवाल्याची कटकट वाचते, पण नुकसान तुमच्या लेकीचं होतं. कसं, ते आधी सांगते. बाकीचं त्याच्या मागून येईल.

फॉर्मात प्रवर्गाच्या रकान्यात ‘ओबीसी’ निवडलं म्हणजे ओपनच्या जागेवरचा हक्क सुटला, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. ओपनच्या जागा कोणा एका प्रवर्गाच्या नसतात, त्या गुणवत्तेवर सगळ्यांसाठी खुल्या असतात. तुमच्या लेकीचे मार्क तिथे बसले तर तिला ओपनची जागा मिळेल. नाही बसले तर ओबीसीच्या 19 टक्के जागांमध्ये तिचा विचार होईल. वरून ती मुलगी, म्हणून ओपनमध्येही आणि ओबीसीमध्येही मुलींसाठी राखलेल्या 30 टक्के जागा तिच्यासाठी आहेत. सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीच्या कट-ऑफच्या पीडीएफ असतात, त्या उघडून पाहा. प्रत्येक कॉलेजच्या खाली `GOPEN`, `LOPEN`, `GOBC`, `LOBC` अशी अक्षरं आणि त्यापुढे आणखी एखादं अक्षर दिसेल. `G` म्हणजे सर्वसाधारण, `L` म्हणजे मुलींची जागा. ओबीसी लिहिलं तर तुमच्या लेकीला त्या कॉलेजात चार दारं उघडी असतात. ओपन लिहिलं की दोन उरतात.

आणखी एक गोष्ट कॅफेवाल्याने सांगितलेली दिसत नाही. ओबीसी लिहिलं आणि कागद वेळेत आले नाहीत, तर नियमाप्रमाणे पोरीला ओपनमध्ये धरतात. फीचा जो फरक असेल तो भरावा लागतो, पण ती प्रक्रियेत राहते. उलट ओपन लिहिलं, अंतिम गुणवत्ता यादी लागली आणि मग व्हॅलिडिटी हातात आली, तर त्या यादीत तिला ओबीसी करून घेता येत नाही. अमरावतीला या नाहीतर मुंबईला जा, उत्तर तेच मिळेल. म्हणून शंका असेल तेव्हा, जातीचा दाखला हातात असेल तर प्रवर्ग लिहायचाच.

पण प्रवर्ग लिहिल्यावर तो पेलायला तीन कागद लागतात: जातीचा दाखला, व्हॅलिडिटी आणि नॉन-क्रिमिलेअर. तिन्ही वेगवेगळे आहेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. तिन्ही लेकीच्याच नावाचे हवेत. बापाचा जातीचा दाखला अपलोड केलेले फॉर्म दरवर्षी परत येतात. तुमच्या पत्रात ‘तिचा’ दाखला असं आहे, तरी काढून एकदा नाव वाचा.

सगळ्यात आधी नॉन-क्रिमिलेअर धरा, कारण तेच तुमच्या हातात आहे. अकरावीच्या वेळचं एका वर्षाचं प्रमाणपत्र आता निव्वळ कागद आहे. कमाई बदलली नाही म्हणून ते चालेल, असं होत नाही. प्रमाणपत्राच्या खाली ‘वैध’ अशी तारीख असते, ती पाहा. प्रवेश ज्या शैक्षणिक वर्षाचा, त्या वर्षाच्या शेवटच्या 31 मार्चपर्यंत ते वैध असावं लागतं. 2026-27 चा प्रवेश असेल तर 31 मार्च 2027 पर्यंत. तारीख त्याच्या एक दिवसही अलीकडची असेल तर तपासणीत फॉर्म अडतो.

तुमच्यासारख्या घराला हे प्रमाणपत्र मिळायला अडचण नाही. मर्यादा वर्षाला 8 लाखांची आहे, आणि ती मोजताना शेतीचं उत्पन्न आणि नोकरीचा पगार धरत नाहीत, इतर उत्पन्न धरतात. तुमचं तर सगळं शेतीवरच आहे. (गावोगावी लोक ‘आपल्याकडे जमीन जास्त आहे, मिळणार नाही’ म्हणून अर्जच करत नाहीत. कोरडवाहू पाच एकरवाला असं म्हणतो तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.) तहसीलदारांचा मागच्या तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला, लेकीचा जातीचा दाखला, तिची टीसी, रहिवासाचा पुरावा, आणि तुमचं स्वघोषणापत्र एवढं घेऊन आर्णीच्या आपले सरकार सेवा केंद्रात जा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो, तो आधी घ्या. जून-जुलैत तहसीलमध्ये रांगा असतात, म्हणून एका दिवसाचाही उशीर नको. अर्ज करताना तीन वर्षांचं प्रमाणपत्र मागा. बी.फार्म चार वर्षांचं आहे, दरवर्षी हीच धावपळ कशाला? दाखले काढायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, त्यावरचं मुद्रांक शुल्क माफ आहे. कोणी शे-पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगितला तर का, ते विचारा.

अर्ज केल्यावर पावती मिळते. प्रमाणपत्र हाती नसेल आणि त्या वर्षीच्या नियमात मुभा असेल, तर फॉर्मात ‘अर्ज केला आहे’ हा पर्याय निवडून ती पावती जोडता येते. इथे तारखेचं गणित बघा. पावतीवरची तारीख फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेच्या आतली पाहिजे. पावती चालते का आणि मूळ प्रमाणपत्र कधीपर्यंत दाखवायचं, ते त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत असतं. ती पुस्तिका साइटवर मोफत मिळते. त्यात प्रमाणपत्रांचं पान शोधून तेवढंच प्रिंट काढून घरी ठेवा. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या पोराला मागच्या वर्षी काय सांगितलं होतं त्यावर जाऊ नका.

एक सावधगिरी. काही ठिकाणी ‘जुन्या प्रमाणपत्राची तारीख मी नीट करून देतो’ असं सांगणारे भेटतात. कॉम्प्युटरवर आकडा बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, पण प्रमाणपत्रावर बारकोड असतो आणि तो तपासणारा माणूस मूळ नोंद पाहतो. तिथे पकडलं गेलं की भोगणार तुमची लेक, कारण फॉर्मवर तिची सही आहे, तुमची आहे. दुकानदाराचं नाव त्यात कुठेच नसतं.

आता व्हॅलिडिटी. डिसेंबरपासून ती का अडकली असेल, याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा अर्जाच्या लॉगिनमध्ये जाऊन पाहा. बहुतेक वेळा अर्ज थांबलेला असतो तो ‘त्रुटी’ निघाली म्हणून. समिती एक ओळ टाकते की अमुक कागद जोडा किंवा मूळ प्रत घेऊन या. ती ओळ लॉगिनमध्ये येते, कधी मेसेज येतो. पण अर्जावर मोबाइल दुसऱ्याचाच दिलेला असला तर घरी काहीच पोहोचत नाही, आणि आपण ‘समिती काही करत नाही’ म्हणत बसतो. लॉगिनचा पासवर्ड लक्षात नसेल तर ज्याने अर्ज भरला त्याच्याकडून घ्या. नाहीच जमलं तर पावती घेऊन यवतमाळला जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीच्या कार्यालयात जा आणि एकच प्रश्न विचारा: ‘माझ्या अर्जात त्रुटी आहे का?’ होय म्हणाले, तर ती लिहून घ्या.

त्रुटी बहुतेक वेळा कशाची असते, तेही सांगते. तुम्ही आज माळी आहात, एवढं समितीला पुरत नाही. तुमचं घराणं ओबीसीसाठी ठरवलेल्या तारखेच्या, म्हणजे 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीपासून त्याच जातीचं आणि याच भागातलं आहे, हे तिला कागदावर पाहायचं असतं. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ही तारीख 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 आणि अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950. तुम्हाला 1967 चीच कामाची. म्हणजे तुमच्या लेकीच्या आणि तुमच्या टीसीला या कामात वजन कमी, तुमच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या कागदाला जास्त.

समजा तुमचे वडील गावच्या प्राथमिक शाळेत शिकले. त्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असतं. मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि वडिलांच्या नोंदीचा उतारा मागा. त्यात नाव, जन्मतारीख, जात आणि शाळेत घेतल्याची तारीख असते. ती तारीख 1967 च्या आधीची आणि जात ‘माळी’ किंवा ‘फुलमाळी’ असेल, तर अर्जातला सगळ्यात मजबूत कागद तुमच्याकडे आला. वडील शाळेतच गेले नसतील, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. आपल्याकडे ही जुनी जन्म-मृत्यूची नोंद गावागावाची असते. गावाचं नाव आणि अंदाजे साल सांगितलं की शोधता येते. नोंदीत मूल ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं असतं, बापाचं नाव आणि जात असते. ते मूल म्हणजे तुमचे वडील किंवा त्यांचे भाऊ-बहीण, हे वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात जुळवून दाखवावं लागतं. जुन्या नोंदीत ‘रामा’ आणि सातबाऱ्यावर ‘रामराव’ असेल, तर दोन्ही एकच माणूस असल्याचं त्याच वंशावळीत लिहा. वेगळा खुलासा देण्याची वेळ येण्याआधीच.

सोपा रस्ता एक आहे. तुमच्या भावाच्या, चुलत्याच्या किंवा चुलतभावाच्या मुलाला व्हॅलिडिटी मिळालेली असेल, तर तिची प्रत जोडा. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यातली व्हॅलिडिटी समिती मोठा पुरावा मानते. मामाकडची इथे कामाची नाही. लग्नात, तेराव्याला सगळं खानदान जमतं, तेव्हा कोणाकडे व्हॅलिडिटी आहे हे कोणी विचारत नाही. आज फोन लावून विचारा.

तुमच्या ‘माळी’ आणि ‘फुलमाळी’चं उत्तर यातच आहे. राज्याच्या ओबीसी यादीत फुलमाळी ही माळी जातीच्याच नोंदीत येते, म्हणून प्रवर्गाला धोका नाही. फॉर्मात जातीचं नाव मात्र टीसीवरून घेऊ नका, जातीच्या दाखल्यावर जे आहे तेच निवडा. तपासणारा माणूस दाखला उघडतो आणि रकाना त्याच्याशी ताडून पाहतो. टीसीवरची नोंद खोडायच्या, ‘फुल’ पुसायच्या भानगडीत कोणी पडू नका. शाळा सोडल्यावर नोंद परस्पर बदलता येत नाही, आणि खाडाखोड दिसली की साधा फरक संशयाचा होतो. फुलमाळी तशीच राहू द्या. समितीपुढे उलट ती कामाचीच आहे.

आईचं नाव बारावीच्या मार्कशीटवर जसं आहे, तसंच टाका. तिथे ‘सुनंदा’ असेल तर ‘सुनंदा’. ‘बाई’ जोडल्या-न जोडल्याने जागा जात नाही. आईच्या आधारकार्डावर ‘बाई’ असेल तरी फॉर्मसाठी आधार बदलत बसू नका. लेकीचं स्वतःचं नाव मात्र मार्कशीट, आधार, जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटीच्या अर्जात एकसारखं आहे का, हे चारही कागद एका चटईवर मांडून अक्षर न अक्षर वाचा. आडनावात ‘कार’ आणि ‘कर’, नावात ‘श्र’ आणि ‘श्री’, अशा ठिकाणी चूक लपते. दाखल्यात चूक निघाली, तर दुरुस्ती एसडीओ ऑफिसातूनच होते. म्हणून ती फॉर्म भरायच्या आधी कळायला हवी. तपासणीत कळली तर धावायला वेळ नसतो.

कॅफेत बसलात की पहिला रकाना मोबाइलचा येतो, आणि तिथेच अर्धे फॉर्म फसतात. दुकानदार घाईत आपलाच नंबर आणि आपलाच ईमेल टाकतो, कारण ओटीपी त्याला लगेच मिळतो. मग जागा लागल्यावर ती स्वीकारायची की पुढच्या फेरीसाठी थांबायचं, हे ठरवून नोंदवायला लॉगिन लागतं. ओटीपी त्याच्या खिशात. त्याचं दुकान बंद, तो लग्नाला गेला, आणि तुमची मुदत संपली. नंबर तुमच्या घरातला द्या, तोही जो वर्षभर चालू राहील आणि ज्याला रिचार्ज असेल. पासवर्ड वहीत लिहा. दुकानदाराच्या फोनमध्ये तो साठवून ठेवायला परवानगी देऊ नका.

अपलोड करताना मूळ कागद स्कॅन करा, झेरॉक्सचा फोटो नको. बाकी फोटो-सहीचे आकार साइटच सांगते. वेळ घालवायचा तो ‘राखीव प्रवर्ग’ आणि ‘इतर आरक्षण’ या दोन पानांवर. अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग, अनाथ या रकान्यांत लागू नसेल तिथे ‘नाही’ टाका. काही तरी फायदा होईल म्हणून कोणी ‘होय’ केलं, तर त्याचा कागद मागतात आणि नसल्यावर फॉर्म परत येतो.

आता तो टिकचा भाग. वाचावाच लागतो, भाऊ, आणि तो फार लांब नसतो. बहुतेक ठिकाणी त्यात असतं ते असं: दिलेली माहिती खरी आहे, माहिती पुस्तिका वाचली आहे, मूळ कागद ठरल्या तारखेपर्यंत दाखवू, न दाखवल्यास प्रवेश रद्द झाला तरी तक्रार करणार नाही. शेवटचं वाक्य तुमच्यासाठी नुसती औपचारिकता नाही. तुम्ही पावतीवर फॉर्म भरणार आहात, म्हणजे नॉन-क्रिमिलेअर आणि व्हॅलिडिटी ठरल्या तारखेला दाखवू असं लिहून देत आहात. कॉलेजात प्रवेश घेताना वेगळं हमीपत्रही मागतात, त्यावर पालकाची सही लागते. सही करताना तारीख कोणती लिहिली आहे, ते बघूनच करा. रॅगिंगविरोधी हमीपत्र वेगळं असतं, त्यावर विद्यार्थी आणि पालक दोघांच्या सह्या लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सही किती महाग पडू शकते, तेही माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या 2000 च्या जात प्रमाणपत्र कायद्यात, खोटं प्रमाणपत्र मिळवून फायदा घेतला तर कमीत कमी सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा दोन ते वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. वरून प्रवेश रद्द आणि घेतलेला लाभ परत. तुमच्या घरच्या खऱ्या कागदांसाठी ही भीती नको. वर सांगितलेल्या तारीखदुरुस्तीवाल्यासाठी मात्र हे लक्षात ठेवा.

पावतीवर फॉर्म भरताना एक हिशेब आधीच करा. समजा पहिल्या फेरीत यवतमाळच्या कॉलेजात ओबीसीची जागा लागली, आणि व्हॅलिडिटी ठरल्या तारखेला आली नाही. ती जागा हातून जाते आणि लेक पुढच्या फेऱ्यांत ओपनमध्ये जाते. म्हणून पसंतीक्रम भरताना यादीत फक्त ओबीसीच्या मार्कांत बसणारीच कॉलेजं टाकू नका. `GOPEN` आणि `LOPEN` च्या मागच्या वर्षीच्या कट-ऑफमध्ये तिचे मार्क बसतात, अशी दोन-चार कॉलेजं खाली ठेवा. वर वर तिच्या आवडीची, खाली खात्रीची. वरची नाही लागली तर खालची लागतात.

उत्पन्नाच्या दाखल्याची एक प्रत वेगळी ठेवा, ती फीच्या सवलतीला लागते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. हॉस्टेल, मेस आणि इतर फी यात येत नाही. प्रवेशानंतर महाडीबीटीवर वेगळा अर्ज भरावा लागतो, तो आपोआप होत नाही. तुमच्या कॅफेवाल्याने ओपन लिहून टाकला असता, तर पुढे हा अर्ज भरतानाही प्रवर्ग वेगळा दिसला असता. त्याला याची कल्पना नसते, तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो.

आणखी एक, कारण कधी कधी हे दोन्ही एकत्र होतात. केंद्राच्या संस्थेचा फॉर्म भरायची वेळ आली, तर राज्याचं नॉन-क्रिमिलेअर तिथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं ओबीसी प्रमाणपत्र लागतं, तेही चालू आर्थिक वर्षातलं. ते तहसील किंवा एसडीओ ऑफिसातूनच निघतं, पण मागताना ‘केंद्राच्या नमुन्यातलं’ असं स्पष्ट सांगा.

फॉर्म सबमिट झाल्यावर काम संपत नाही. कागद तपासणीला जातात, आणि काही कमी असेल तर फॉर्म लॉगिनमध्ये परत येतो. त्यामुळे रोज संध्याकाळी एकदा लॉगिन उघडा. मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. त्यात नंबर पाहून थांबू नका, नावासमोरचा प्रवर्गाचा रकाना पाहा. तिथे ओबीसी ऐवजी ओपन दिसलं, किंवा जन्मतारीख, मार्क चुकले असतील, तर हरकती नोंदवायला काही दिवस मिळतात. त्या दिवसांत लॉगिनमधून तक्रार टाका किंवा मूळ कागद घेऊन जवळच्या सुविधा केंद्रात जा. अंतिम यादी लागल्यावर तीच गोष्ट बदलत नाही. आणि व्हॅलिडिटी त्याआधी हातात आली, तर कोणी मागायची वाट न पाहता त्याच दिवशी अपलोड करा.